पाचाला क्रम फिरतो

आत्याबाई बोलायला लागल्या त्या चपला काढायच्या आधीच.

"कुठाय तो? आणि वहिनी? शनिवारच्या सकाळी घर सोडून दोघंही गायब?"

"सरावाला गेलेत," सून म्हणाली. तिच्या कडेवर ठमी होती आणि ठमीच्या मुठीत पांढरा प्लास्टिकचा चेंडू. टेबल टेनिसचा. हा चेंडू दहा महिन्यांच्या लेकराच्या घशात जाणार नाही, हे सुनेनं एका रात्रीत तीनदा मोजून पाहिलं होतं. तरी तिची नजर त्या मुठीवरून हलत नव्हती.

"सराव! पासष्टीचा घोडा आणि बासष्टीची घोडी! याला आमच्यात म्हातारचळ म्हणतात." आत्याबाईंनी खुर्चीत बस्तान बसवलं. "गेल्या महिन्यात पडला ना तो? गुडघा सुजला होता ना?"

"म्हणून तर तुला बोलावलंय आत्या," आतून सुनेचा नवरा बाहेर आला. हातात दाढीचा ब्रश, अर्ध्या गालाला फेस. "माझं ऐकत नाहीत. तुझं तरी ऐकतील."

आत्याबाईंचं त्यांच्या भावानं, म्हणजे बाबांनी, आजवर एकदाही ऐकलेलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पाहुणं माणूस दारात आलं की आपला आवाज चढतो, तेवढाच आधार.

सुनेच्या गप्प राहण्याला कारण होतं आणि ते तिला सांगता येत नव्हतं. सोमवारी सकाळी नऊला तिला प्रयोगशाळेत परत रुजू व्हायचं होतं. वर्षभराची रजा संपली होती. ठमीला आई, म्हणजे सासूबाई, सांभाळणार, हे बाळंतपणाच्या आधीच ठरलेलं. आईंनी स्वतःच शब्द दिला होता: "चौतीस वर्षं परक्यांना सांभाळलं, नातीला सांभाळायला काय झालं?" तेव्हा आईंच्या आयुष्यात टेबल टेनिस नव्हतं. खरं तर तेव्हा आईंच्या आयुष्यात बाबाही फारसे नव्हते.

हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, पुढे मेट्रन. आणि पुलांचे इंजिनिअर. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याचा मुक्काम कुठल्या तरी नदीकाठच्या तंबूत. चौतीस वर्षं संसार झाला तो फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. 'दूध तापवलंय. फी भरली. मंगळवारी येतो.' मग दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले आणि घरात दोन अनोळखी माणसं राहायला आली. बाबांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. आईंनी ते सगळे परत जागेवर ठेवले आणि बाबांना सांगितलं, "हा पूल नाही. इथं माझा हात आंधळेपणानं चालतो." त्यानंतर दोन महिने दोघं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे बोलत होते. सुनेला त्या सभ्यपणाचीच भीती वाटायची.

मग गुडघा. बाबांना व्यायामोपचाराला घेऊन आई गेल्या. तिथल्या मागच्या खोलीत टेबल टेनिसचं एक जुनं टेबल होतं, दोन रुग्ण खेळत होते. एक चेंडू सुटून आईंकडे आला. आईंनी हातातल्या फाइलनं, डाव्या हातानं, न बघितल्यासारखा तो परत मारला. टेबलाच्या अगदी कोपऱ्यावर. दोन्ही रुग्ण पुतळे झाले. आणि बाबा, जे उपचाराच्या खाटेवर पाय वर करून पडले होते, ते म्हणाले, "अजून मनगट आधी फिरवतेस."

कॉलेजात ही दोघं मिश्र दुहेरी खेळायची, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलालासुद्धा नाही.

*

सव्वाअकराला दोघं आले. घामेजलेले, भांडत.

"तू दोन वेळा माझ्या चेंडूवर आलास."

"तू हलली नाहीस!"

"मी हलले. तू उगाच उजवीकडे आलास. मी डावखुरी आहे, मारून मी उजवीकडे सरकते, तू डावीकडे. आपल्या वाटा कापल्या जात नाहीत, हा एवढा एकच तर आपला फायदा आहे. तोही घालव."

"नमस्कार ताई," बाबा आत्याबाईंना पाहून म्हणाले. "बाजू मांडायला आलीस की बघायला?"

"तुला शहाणपण शिकवायला. उद्या काय आहे म्हणे?"

"अंतिम सामना. साठीच्या वरच्या जोड्यांचा."

"आणि जिंकलात तर?" मुलानं विचारलं. त्याच्या गालावरचा फेस आता वाळला होता. "सांगा ना आत्याला."

बाबांनी आईंकडे पाहिलं. आईंनी ठमीला घेतलं आणि तिच्या मुठीकडे पाहत म्हणाल्या, "जिंकलो तर मोठ्या स्पर्धेला निवड होते. दोन महिन्यांनी. तोवर रोज सराव. हॉल नऊ ते अकराच मिळतो."

नऊ ते अकरा हे शब्द खोलीत तसेच राहिले. सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिनं आईंच्या कडेवरच्या ठमीचं लाळेरं सरळ केलं. ते सरळच होतं.

"सोमवारी हिला कामावर जायचंय आई," मुलगा म्हणाला. "तू कबूल केलं होतंस."

"केलं होतं. म्हणून मी तिलाच विचारणार आहे, तुला नाही." आई सुनेकडे वळल्या. "हे बघ, मी शब्द मोडणारी बाई नाही. तू 'नको' म्हण, मी उद्या हात राखून खेळणार नाही, पण परवापासून बॅट ठेवून देईन. राग धरणार नाही. खरंच."

"आई..."

"पाळणाघर आहे की कोपऱ्यावर," बाबा हळूच म्हणाले.

"पाळणाघर नको," सून पटकन म्हणाली. ते पाळणाघर ती बघून आली होती. स्वच्छ होतं, बायाही प्रेमळ. तरी तिथल्या गॅलरीच्या कठड्यातल्या फटी तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. "म्हणजे... उद्या बघू ना. उद्याचं होऊ दे."

आत्याबाईंनी विजयी मुद्रेनं पाय पसरले. "झालं! उद्या हरतील आणि प्रश्नच मिटेल."

आत्याबाई सुनेच्याच मनातलं बोलल्या होत्या. हरले तर कुणालाच 'नको' म्हणावं लागणार नव्हतं. एवढी साधी, एवढी लाजिरवाणी इच्छा. ती स्वयंपाकघरात गेली आणि विनाकारण भांडी विसळत उभी राहिली.

आई मागोमाग आल्या. फ्रिजवर एक कागद डकवला होता: चार वर्तुळं, त्यांच्यामध्ये बाण.

"हे तुला कळायला हवं," त्या म्हणाल्या, जणू मघाचं काही झालंच नव्हतं. "दुहेरीत आलटून पालटून मारायचं. मी मारला की पुढचा फटका यांचा, मग परत माझा. समोरचेही तसेच. त्यामुळे पूर्ण गेमभर एकाच माणसाचा चेंडू मला येतो आणि दुसऱ्याचा यांना. कळलं?"

"हो."

"समोर कोण? उंच मास्तर, व्यायामशिक्षक होते. त्यांचा चेंडू फिरकी घेऊन येतो, टेबलावर पडून उसळी मारतो. आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाई, त्या फक्त सावकाश ढकलतात. मास्तरांचा चेंडू यांना आला की यांना मागं पळावं लागतं, आणि गुडघा आहेच. माझ्या बॅटला एका बाजूला दाणेदार रबर आहे. त्याच्यावर मास्तरांची फिरकी चालत नाही, उलटी होऊन परत जाते. म्हणजे मास्तर मला यायला हवेत. हा चांगला क्रम. मास्तर यांना आले तर वाईट क्रम."

"मग चांगलाच घ्यायचा ना?"

"दर गेमला क्रम उलटतो." आईंच्या डोळ्यांत थिएटरमधल्या सिस्टरची चमक आली. "पहिल्यात एक, दुसऱ्यात दुसरा. आणि तिसऱ्यात कुणाचेही पाच गुण झाले की बाजू बदलते आणि क्रमही मध्येच फिरतो. म्हणजे पहिल्यात वाईट घेतला तर?"

सुनेनं बोटांवर मोजलं. वाईट. चांगला. वाईट, आणि पाचानंतर चांगला. "शेवट चांगला येतो."

"हुशार आहेस. तुझ्या सासऱ्याला हे समजवायला मला तीन दिवस लागले. पुलाच्या माणसाला आधी पडायचं हे पटतच नाही."

*

हॉल साधा होता. उंच छत, निळं टेबल, भोवती पत्र्याच्या खुर्च्या. पंच म्हणून बसलेला गृहस्थ कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झालेला, अगदी शांत, गळ्यात चष्म्याची दोरी. समोरचे मास्तर खरोखरच उंच होते, डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हसऱ्या. दोघांनी आईबाबांशी हस्तांदोलन केलं, गुडघ्याची चौकशीही केली.

नाणेफेक बाबांनी जिंकली आणि सर्व्हिस समोरच्यांना दिली. मास्तर पहिली सर्व्हिस करायला उभे राहिले. आता आईबाबांनी ठरवायचं होतं, ती कोण घेणार. बाबा पुढे झाले.

"बाबा का?" मुलगा खुर्चीतून उठला. शाळेत असताना तोही थोडं खेळला होता. "मास्तरांचा चेंडू बाबांना? वेडेत का? आई घे ना तू!"

"बस," सून म्हणाली.

"तुला काय कळतंय?"

"कळतंय. बस."

पहिला गेम बघवत नव्हता. मास्तरांचा चेंडू टेबलावर आदळून सापासारखा वर यायचा, बाबा दोन पावलं मागं जायचे, आणि त्यांनी उचललेला चेंडू डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात आयता पडायचा. अकरा-पाच. आत्याबाईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तयार ठेवली.

दुसरा गेम सुरू झाला, क्रम उलटला, आणि हॉलमधल्या पहिल्या रांगेतल्या कुणीतरी "ओहो" केलं. आता मास्तरांची फिरकी आईंकडे येत होती. आई फारसं काहीच करत नव्हत्या. दाणेदार बाजू नुसती पुढं धरायच्या, मनगट एवढंसं. चेंडू नेटवरून सुस्तपणे तरंगत डॉक्टरीणबाईंकडे जायचा, पण उलटा फिरत. त्यांनी जोरात मारला की नेटमध्ये. त्यांनी ढकलला की तो हळू, जरासा उंच बाबांकडे. आणि त्या उंचावर बाबा वाट बघत असायचे.

सुनेनं पहिल्यांदाच पाहिलं ते दोघांचं सरकणं. आई मारून उजवीकडे निघायच्या त्या बाबा पुढे यायच्या आत. बाबा मारून डावीकडे, आईंच्या खांद्याला स्पर्श न होता. एकमेकांकडे न बघता. चौतीस वर्षं दारात एकानं आत यायचं आणि दुसऱ्यानं बाहेर पडायचं, ते कुठं वाया गेलं नव्हतं. अकरा-सहा.

"हे... हे आई आहे?" मुलगा म्हणाला.

तिसरा. परत वाईट क्रम. बाबांचा श्वास आता खुर्च्यांपर्यंत ऐकू येत होता. चार-दोन, मास्तरांकडे. सर्व्हिस आईंची. ही आईंची जुनी सर्व्हिस: शरीर वळवून, हाताआड चेंडू लपवून, समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत न दिसू देता. त्यांच्या काळात हीच त्यांची ओळख होती. तीन आठवडे बाबांनी ती मोडायला त्यांना रोज शंभर सर्व्हिसा करायला लावल्या होत्या. पण हात जुना होता आणि दमलेला हात जुन्याच वाटेनं जातो.

पंचांनी हात वर केला. "फाउल. चेंडू लपवलात. पाच-दोन."

आईंचा चेहरा उतरला. "मी... अरे देवा. तेच केलं मी."

"असू दे," बाबा जवळ आले. "असू दे ग."

"असू दे काय? तीन आठवडे तेच घोटलं ना!"

"मग आता चौथा आठवडा समज."

बाजू बदलल्या. आई अजून स्वतःवरच चिडलेल्या, बाबा टॉवेलनं चष्मा पुसत त्यांना काहीबाही समजावत होते. पंच गुणफलक फिरवण्यात गुंतले होते. मास्तर सवयीनं सर्व्हिस घ्यायला येऊन उभे राहिले. आईंनी तळहातावर चेंडू ठेवला.

आणि सुनेला दिसलं. पाच झाले होते. क्रम फिरायला हवा होता. मास्तर नाही, डॉक्टरीणबाई उभ्या राहायला हव्या होत्या. चौघांपैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं. पंचांच्याही नाही.

एक क्षण. असा क्षण माणसाला एकटाच गाठतो. ती गप्प राहिली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. वाईट क्रम तसाच चालू राहिला असता आणि त्यातच खेळ संपला असता. सोमवार सुरळीत झाला असता. ती कुणाचंही वाईट करत नव्हती. फक्त बसून राहायचं होतं. बसून राहण्यात ती वाकबगार होती.

आईंचा हात वर जायला लागला.

"आई, पाच झाले! क्रम!"

तिचा आवाज छतापर्यंत गेला. ठमी दचकून रडायला लागली. पंचांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, प्रेक्षकांनी बोलू नये," ते म्हणाले. मग गुणफलकाकडे पाहिलं. "पण बरोबर आहे. सर्व्हिस घेणारा बदलायचा."

"अरे हो की!" मास्तर मोकळेपणानं हसले आणि बाजूला झाले. डॉक्टरीणबाई पुढे आल्या. बाबांनी आईंकडे पाहिलं, आईंनी सुनेकडे. मग चेंडू तळहातावर सपाट, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि सरळ वर उडवला.

पाच-तीन.

"तू काय केलंस?" मुलगा कुजबुजला. "तुला तर..."

"मला माहितीय मी काय केलं ते. ठमीला घे, मला दिसत नाहीये."

पाच-पाच. सहा-सहा. सात-सात. आत्याबाई गोळ्यांची पट्टी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं. आठ-आठला डॉक्टरीणबाईंनी एक अवघड चेंडू नेटला घासून टाकला. बाबा पोचले नाहीत. पुढच्याला पोचले, आणि कसे पोचले ते त्यांच्या गुडघ्यालाच ठाऊक. नऊ-नऊ.

सर्व्हिस बाबांची, शेवटच्या दोन. टेबलाखाली त्यांनी आईंना बोटं दाखवली: छोटी, खाली फिरणारी. मास्तरांना ती उचलावी लागली, उचलली ती उंच, आणि आईंनी एकदाच, पूर्ण सामन्यात एकदाच, दाण्यांची बाजू सोडून सपाट मारली. दहा-नऊ.

"मार ना रे!" आत्याबाई ओरडल्या. कुणाला ते त्यांनाच माहीत.

शेवटची सर्व्हिस. मास्तर या वेळी सावध होते. पूर्ण खांदा घालून त्यांनी फिरकी दिली; चेंडू उसळला तो आईंच्या कमरेपाशी. आई हलल्या नाहीत. नुसती बॅट धरली. चेंडू तरंगत गेला. डॉक्टरीणबाई हुशार होत्या, त्यांनी मारला नाही, अगदी आखूड ढकलला, नेटच्या पलीकडे जेमतेम. आई कधीच उजवीकडे निघून गेल्या होत्या. टेबलापुढचा तेवढा चौकोन मोकळा होता. बाबा त्यात शिरले, वाकले, दुखऱ्या गुडघ्यावर पूर्ण भार टाकला, आणि चेंडू मास्तरांच्या पायांच्या दिशेनं, कोपऱ्याला चाटून गेला.

अकरा-नऊ.

बाबा तसेच वाकलेले राहिले. सगळ्यांना वाटलं गुडघा गेला. आई धावल्या, वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याही हसायला लागल्या. बाबा हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"वाकलोय तो वाकलोच," ते म्हणाले. "सरळ कर मला."

आईंनी त्यांच्या काखेत हात घालून, चौतीस वर्षं रुग्ण उभे केले तशा सराईतपणे, त्यांना उभं केलं आणि सोडलं नाही. मास्तर टाळ्या वाजवत होते. डॉक्टरीणबाई आईंना विचारत होत्या, ते दाणेदार रबर मिळतं कुठं. आत्याबाई रडत होत्या आणि शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, "माझा भाऊ तो! लहानपणापासून असाच हट्टी!"

पंचांनी निवडीचा अर्ज टेबलावर ठेवला. "दोघांच्या सह्या इथं. आणि जोडीबरोबर एक व्यवस्थापक लागतो. वेळा, नियम, कागदपत्रं बघणारा. कुणाचं नाव टाकू?"

बाबांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं सवयीनं छाती पुढं काढली.

"माझं टाका," सून म्हणाली.

"तुझं?" मुलगा म्हणाला. "अगं, उद्यापासून तुझी नोकरी... आणि नऊ ते अकरा ठमीला कोण बघणार?"

ठमी त्याच्याच कडेवर होती. त्याच्या शर्टाची कॉलर तोंडात घालून ती निवांत चघळत होती. सुनेनं दोघांकडे पाहिलं. त्याचं ऑफिस दुपारी बाराला सुरू व्हायचं. हे तिला लग्नापासून माहीत होतं. मोजायचं मात्र आजवर कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

"तू," ती म्हणाली. "सव्वाअकराला आई येतील, तोवर तू. दुधाच्या वेळा मी लिहून देते. आणि कॉलर काढ तिच्या तोंडातून, बटण सैल आहे."

मुलानं तोंड उघडलं. आईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, थिएटरमध्ये नव्या डॉक्टरांकडे पाहायच्या तसं. त्यानं तोंड मिटलं आणि बटण तपासलं.

सुनेनं पंचांच्या हातून पेन घेतलं आणि व्यवस्थापकाच्या रकान्यात, घाई न करता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.